नाम एकदा की लाखदा?



गेल्या आषाढी वारीत भंडीशेगावच्या मुक्कामी हरिपाठ आटोपल्यावर एक वृद्ध माउली जवळ येऊन बसली. म्हणाली, "बुवा, रोज अकरा माळा रामकृष्णहरी जपायचा माझा नेम. सहा वर्षं चालला. फाल्गुनात नातवाला ताप भरला, नऊ दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी होते. माळ हातात आली नाही. नेम मोडला. आता आधीचं सगळं वाया गेलं का?" बोलताना तिचे डोळे भरून आले होते. असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचा विचार जरा सविस्तर करू.

नेम मोडला की सर्व वाया जाते, ही समजूत आली कोठून? ती आली मंत्रशास्त्रातील पुरश्चरणावरून. मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप, हा पुरश्चरणाचा प्रसिद्ध हिशेब. गायत्रीची अक्षरे चोवीस, म्हणून जप चोवीस लक्ष. माळ एकशे आठ मण्यांची असली तरी मोजायची शंभरच. वरचे आठ जप चुकलेमाकलेल्याची भरपाई. म्हणजे माळा झाल्या चोवीस हजार. एका जपाला आठ सेकंद धरले तर एका माळेला चौदा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. रोज दहा माळा करणाऱ्याचे जवळजवळ अडीच तास जातात, आणि पुरश्चरण पुरे व्हायला साडेसहा वर्षे लागतात. पुढे जपाचा दशांश होम, होमाचा दशांश तर्पण, तर्पणाचा दशांश मार्जन, आणि त्याचा दशांश ब्राह्मणभोजन. म्हणजे शेवटी दोनशे चाळीस पाने उठली की सांगता झाली. रोजची संख्या सारखी हवी, मध्ये खंड पडता कामा नये, उच्चार शुद्ध हवा, आणि मंत्र गुरुमुखातूनच घेतलेला हवा. येथे मंत्र हे एक कर्म आहे. कर्म म्हटले की विधी आला, आणि विधी चुकला की उणेपण आले.

तरी त्या शास्त्रातही संख्या म्हणजेच सर्वस्व असे नाही. मोठ्याने केलेल्या जपापेक्षा ओठांतल्या ओठांत केलेला श्रेष्ठ, आणि त्याहून मनात केलेला श्रेष्ठ, अशी चढण मनुस्मृतीने सांगितली आहे. पतंजलींनी तर जपाला अर्थाच्या भावनेची जोड दिली. जिभेकडून मनाकडे जायचे, हा रोख तेथेही आहेच.

आता जरा दूरच्या देशी जाऊ. एकोणिसाव्या शतकात रशियात एका अनामिक यात्रेकरूची कथा छापली गेली. पाठीवर झोळी, झोळीत वाळलेली भाकर, आणि पायी यात्रा. आपल्याला ओळखीचाच माणूस वाटावा! अखंड प्रार्थना करा, हे पौलाच्या पत्रातले वचन त्याने देवळात ऐकले, आणि हे अखंड जमावे कसे, हे विचारीत तो गावोगाव हिंडला. अखेर एक वृद्ध साधू भेटला. त्याने येशूचे नाव घेऊन दया मागणारी एक लहानशी प्रार्थना दिली आणि सांगितले, रोज तीन हजार वेळा म्हण, कमी नाही, जास्त नाही. त्याला पहिले दोन दिवस जड गेले, मग सोपे झाले. साधूने सहा हजार सांगितले, पुढे बारा हजार. पहिल्या दिवशी जीभ जडावली, जबडा आखडला, मणी ओढून अंगठा दुखू लागला. आणि त्यानंतर? साधू म्हणाला, आता मोजू नकोस, वाटेल तितके म्हण. पुढे ती प्रार्थना ओठांवरून हृदयाच्या ठोक्यांत उतरली, असे तो यात्रेकरू सांगतो.

मोजणे कोठे सुरू झाले आणि कोठे सुटले, हे नीट पाहा. मूल चालायला शिकते तेव्हा पांगुळगाडा देतात. चालता आले की तो कोपऱ्यात जातो. त्या परंपरेतले वडीलधारे एक धोकाही सांगतात. अंगात ऊब वाटली, प्रकाश दिसला, की साधकाला वाटते आपण पोहोचलो. तीच फसगत. म्हणून वाटाड्याशिवाय श्वासाचे प्रयोग करू नयेत, असा त्यांचा इशारा आहे.

त्याच्याही पूर्वी जपानात हाच प्रश्न उभा राहिला होता. होनेन (११३३–१२१२) या बौद्ध आचार्यांनी अमिताभ बुद्धाचे नाम हेच सर्वांना साधेल असे साधन म्हणून सांगितले. विद्वान असो की निरक्षर, कोणालाही आडकाठी नाही. ते स्वतः रोज साठ हजार वेळा नाम घेत, असे सांगतात. पण शिष्यांत वाद पडला. एक पक्ष म्हणे, श्रद्धेने एकदा घेतले की पुरे. दुसरा म्हणे, जन्मभर घेतले पाहिजे. होनेन यांचे सांगणे असे की, एकदाच पुरते हा विश्वास ठेवा आणि नाम मात्र जन्मभर घ्या. त्यांचे शिष्य शिनरान (११७३–१२६२) यांनी पुढचे पाऊल टाकले: उद्धार आपल्या मोजण्याने होत नाही, तो कृपेने झालेलाच आहे; मग नाम घ्यायचे ते कृतज्ञतेने. शिनरान गेले आणि तेरा वर्षांनी आपल्याकडे ज्ञानोबा माउली जन्मास आले. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नव्हते, पण ज्याला शास्त्राचे दार बंद त्याच्या हाती नाम द्यावे, ही कळकळ दोन्हीकडे होती.

आता घरी येऊ. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ सर्वांना ठाऊक आहे. मरतेवेळी त्याने मुलाला हाक मारली, "नारायणा!" आणि यमदूत मागे सरले. कीर्तनात कथा बहुधा येथे थांबते. पण भागवतात ती पुढे आहे. अजामिळ त्या वेळी मेला नाही. त्याला पश्चात्ताप झाला, घरदार सोडून तो गंगाद्वारी गेला, तेथे बसून मन भगवंताच्या ठायी लावले, आणि मग देह ठेवला. एका नामाने पाश तुटला हे खरे; पण जन्मभराच्या सवयीने वाकडे झालेले मन सरळ व्हायला पुढचे दिवस लागलेच.

तेव्हा आवृत्ती देवासाठी नाही. तो पहिल्या हाकेलाच ऐकतो. आवृत्ती आहे आपल्यासाठी. मन दिवसभर कशाची ना कशाची उजळणी करीतच असते. कोणी काय बोलले, कोणी किती बुडविले. त्या उजळणीच्या जागी नाम बसवायचे, तर ते पुन्हा पुन्हाच घ्यावे लागते. आणि एकदाच पुरते म्हणून खुशाल वाटेल तसे वागणे, नामाच्या जोरावर पाप करणे, याला तर पद्मपुराणाने नामापराध म्हटले आहे.

नाम बिघडते आहे हे ओळखावे कसे? माळ वेगाने फिरते आणि अक्षरे गिळली जातात. कोणी मध्येच हाक मारली तर राग येतो. आज किती झाले, हे शेजाऱ्याला सांगावेसे वाटते. अशा वेळी माळ खाली ठेवावी आणि चार नामे सावकाश, कानांना ऐकू येतील अशी घ्यावीत.

त्या माउलीला मी विचारले, "त्या नऊ दिवसांत तोंडात काय होतं?" ती म्हणाली, "दुसरं काय असणार? पोराच्या कपाळावर पट्टी ठेवायची न् विठ्ठला, विठ्ठला म्हणायचं. मोजलं कुणी?" मी म्हटले, "मावशी, तुम्ही पुरश्चरणाचा नियम नामाला लावलात. पुरश्चरणात खंड पडतो. तुमच्या नामाला तो पडलाच कुठं? माळ सुटली, नाम नाही सुटलं." ती थोडी गप्प राहिली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मग उद्यापासून माळ घेऊ ना?" घ्या म्हटले. पहाटे दिंडी निघाली तेव्हा माळ तिच्या हातात होती आणि नातू तिच्या बोटाला होता.

रामकृष्णहरी.