भाजले, कापले, भोवळ आली : जोडीने शिकू या

आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी हा पाठ आहे. आम्ही तो रविवारी विहारात जोड्या करून घेतो. एक रुग्ण, एक मदतनीस, मग अदलाबदल. साहित्य म्हणून घड्याळ, बादली, मग, टब आणि दोन स्वच्छ सुती रुमाल पुरतात.

समजा, आई कामावर गेली आहे आणि चहा गाळताना धाकट्या बहिणीच्या हातावर उकळता चहा सांडला. मदतनिसाने आधी गॅस बंद करावा. मग हात सुजण्यापूर्वी बांगड्या काढाव्यात. भिजलेली बाही अलगद दूर करावी, पण कातडीला चिकटली असेल तर ओढू नये. मग साधे गार पाणी पूर्ण वीस मिनिटे. बर्फ नको.

सरावात बहुतेक मुले तीन-चार मिनिटांतच “झालं” म्हणतात. म्हणून घड्याळ लावूनच करा. कातडीच्या आत उष्णता राहते, ती निघायला वेळ लागतो. नळाला पाणी नसेल तर एवढे पाणी आणायचे कुठून, हा वस्तीतला खरा प्रश्न. हात टबमध्ये धरून मगाने ओता. तेच पाणी पुन्हा वापरा, कोमट झाले की बदला. लहान मुलाचे बाकीचे अंग पांघरुणाने झाका, नाहीतर ते गारठते.

शेजारच्या काकू टूथपेस्ट, हळद किंवा शाई घेऊन धावत येतील. त्यांना नम्रपणे थांबवा. लेपाने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ रुमाल सैलसर झाका. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठा असेल, चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा गुप्तांगावर असेल, कातडी पांढरी वा काळी पडली असेल, तर दवाखान्यात न्यायलाच हवे. तिथे दुखत नाही म्हणून खूश होऊ नका, खोल भाजले की वेदनाच कळत नाही. लहान बाळाला आणि विजेने भाजलेल्याला नेहमीच न्या. विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद, मगच स्पर्श.

कापल्यावर जखमेवर रुमाल ठेवून तळहाताने दहा मिनिटे दाबा. रक्त थांबले का, हे मध्येच उचलून पाहिले की धरलेली गाठ सुटते. रुमाल भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा. गंजलेल्या पत्र्याने कापले तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. जोडीदाराच्या हातावर दहा मिनिटे दाबून बघा, आपलाच हात किती भरून येतो ते कळेल.

भोवळ आली तर आडवे करून पाय फूटभर उंच धरा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, गर्दी हटवा. चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. पूर्ण शुद्ध आल्यावर थोडा वेळ बसवून मगच उभे करा. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही किंवा श्वास नीट नसेल, तर १०८ ला फोन. फोनवर वस्तीचा पत्ता नेमका कसा सांगाल, खूण कोणती द्याल, कोणत्या बोळाच्या तोंडाशी कोण उभे राहील, हेही जोडीने मोठ्याने बोलून बघा.