यादी न हलवता प्रत्येक ग्रामसंघातला क्रमांक कसा काढायचा?

मैत्रिणींनो, मागच्या वर्षी एका मासिक बैठकीत मी कर्ज परतफेडीची यादी वाचत होते. यादीत सगळ्यात खाली असलेल्या गटाचं नाव घेतलं आणि त्या गटाच्या अध्यक्षा ताई उभ्याच राहिल्या. "ताई, आमचा एक हप्ता चुकला नाही. मग आम्ही शेवटी कशा?" त्यांनी पासबुक पुढे केलं. त्यांचंच बरोबर होतं, माझी यादी चुकली होती.

झालं असं होतं की क्रमांक लावण्यासाठी मी आदल्या रात्री फक्त टक्क्यांचा रकाना सिलेक्ट करून सॉर्ट केला. एक्सेलने विचारलंही, बाकीचे रकाने सोबत घ्यायचे का? मी घाईत फक्त तेवढाच रकाना पुढे जाऊ दिला. टक्के वरून खाली नीट लागले, पण गटांची नावं जागची हलली नाहीत. एकीचे टक्के दुसरीच्या नावासमोर गेले. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण यादी अगदी व्यवस्थित दिसते.

सगळे रकाने धरून नीट सॉर्ट केलं तरी आपलं काम अर्धंच होतं. आपल्या यादीतले गट रजिस्टरच्या क्रमाने असतात आणि दर महिन्याला त्याच क्रमाने आकडे भरायचे असतात. यादी हलली की रजिस्टर आणि शीट समोरासमोर ठेवून तपासता येत नाही. शिवाय आपल्याला पूर्ण प्रभागाचा एकच क्रमांक नको असतो, प्रत्येक ग्रामसंघात कोणता गट कितवा ते हवं असतं. ते काम यादीतली एकही ओळ न हलवता COUNTIFS करून देतं.

एक छोटी यादी घेऊ. नावं आणि आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. दोन ग्रामसंघ आहेत, वरची वाडी आणि खालची वाडी, आणि गट रजिस्टरप्रमाणे सरमिसळ आहेत.

| | A गट | B ग्रामसंघ | C देय हप्ता | D जमा | E टक्के | F क्रमांक |
|---|---|---|---|---|---|---|
| 2 | सावित्री | वरची वाडी | १५,००० | १४,००० | ९३.३ | १ |
| 3 | प्रगती | खालची वाडी | १२,००० | ११,४०० | ९५ | २ |
| 4 | जागृती | वरची वाडी | १०,००० | ८,८०० | ८८ | २ |
| 5 | एकता | खालची वाडी | २०,००० | १८,००० | ९० | ३ |
| 6 | रमाई | वरची वाडी | ८,००० | ७,०४० | ८८ | २ |
| 7 | उन्नती | खालची वाडी | ६,००० | ५,९४० | ९९ | १ |
| 8 | माऊली | वरची वाडी | १८,००० | १४,४०० | ८० | ४ |

सावित्री गट बघा. सगळ्या सात गटांत तो तिसरा आहे, पण आपल्या वरच्या वाडीत पहिला आहे. आपल्याला हाच दुसरा क्रमांक हवा आहे.

आता रेशनच्या रांगेत उभ्या आहात असं समजा. माझा नंबर कितवा, हे कळायला रांग मोडून पुन्हा लावावी लागत नाही. माझ्यापुढे किती जणी आहेत ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचा. पुढे कुणीच नसेल तर शून्य अधिक एक, म्हणजे मी पहिली. दोन दुकानं असतील तर फक्त माझ्या दुकानाच्या रांगेतल्या बाया मोजायच्या. COUNTIFS नेमकं हेच मोजतं. माझ्याच ग्रामसंघातल्या किती गटांचे टक्के माझ्यापेक्षा जास्त आहेत, एवढाच त्याला प्रश्न विचारायचा. F2 मध्ये हे लिहा:

```
=COUNTIFS($B$2:$B$8,B2,$E$2:$E$8,">"&E2)+1
```

पहिली जोडी म्हणते, B रकान्यात माझ्याच ग्रामसंघाचं नाव असलेल्या ओळी घे. दुसरी जोडी म्हणते, त्यांतल्या E माझ्यापेक्षा मोठ्या असलेल्या ओळीच मोज. शेवटचा `+1` म्हणजे मी स्वतः. रमाईसाठी करून बघा. वरच्या वाडीत चार गट आहेत. ८८ पेक्षा जास्त फक्त सावित्रीचे आहेत, म्हणजे एक. एक अधिक एक, दोन. खालच्या वाडीतल्या ९९ किंवा ९५ कडे सूत्र बघतसुद्धा नाही.

हे F2 मध्ये लिहून खाली F8 पर्यंत ओढा. `$` चिन्ह विसरू नका. ते नसेल तर सूत्र खाली ओढताना मोजायची यादीही एकेक ओळ खाली सरकते आणि वरचे गट मोजणीतून सुटत जातात. माऊलीच्या ओळीत तर ती एकटीच उरते आणि ८० टक्क्यांवर पहिली येते! खालच्या ओळींत भराभर १, १ दिसायला लागले की `$` राहिला आहे असं ओळखा. कॉम्प्युटरवर सूत्रातला पत्ता सिलेक्ट करून F4 दाबलं की `$` लागतो. मोबाईलवर गुगल शीट वापरत असाल तर हाताने टाइप करा, सूत्र तेच चालतं.

आता टक्क्यांच्या रकान्याकडे जरा लक्ष द्या, कारण मी सगळ्यात जास्त इथेच अडकले. E2 मध्ये मी आधी नुसता भागाकार ठेवला होता. १४,००० ला १५,००० ने भागून १०० ने गुणलं की ९३.३३३३ असं न संपणारं उत्तर येतं. एका यादीत अशाच एका गटाला दुसरा क्रमांक आला आणि त्या ग्रामसंघात पहिला कुणीच नव्हतं! कितीतरी वेळ मला कारण कळेना.

कारण असं आहे. `">"&E2` लिहिलं की आकड्याचा मजकूर होतो आणि त्यात १५ अंकांपर्यंतच येतं, पुढची शेपटी कापली जाते. खान्यातला पूर्ण आकडा त्या कापलेल्या आकड्यापेक्षा किंचित मोठा असतो. त्यामुळे तो गट स्वतःलाच स्वतःच्या पुढे मोजून बसतो. स्क्रीनवर दशांश कमी करून ९३.३ दाखवलं तरी आतला आकडा बदलत नाही, म्हणून त्याने फरक पडत नाही. आकडाच एका दशांशाला थांबवायचा:

```
=IF(C2>0,ROUND(D2/C2*100,1),"")
```

`ROUND` ने शेपटी खरोखर काढून टाकली. सुरुवातीचं `IF` मी अशा गटांसाठी ठेवलंय, ज्यांच्यावर या महिन्यात हप्ताच देय नाही. कर्ज नसलेल्या गटाचे परतफेडीचे टक्के काढायचेच नाहीत. शून्य टक्के लिहिले तर तो थकबाकीदार दिसेल, आणि ते अन्यायाचं होईल. अशा गटाचा खाना रिकामा राहू द्या आणि त्याला क्रमांकही देऊ नका:

```
=IF(E2="","",COUNTIFS($B$2:$B$8,B2,$E$2:$E$8,">"&E2)+1)
```

दुसरी अडचण नावांची. COUNTIFS ला "वरची वाडी" आणि "वरचीवाडी" हे दोन वेगळे ग्रामसंघ वाटतात. नावामागे चुकून एक मोकळी जागा राहिली तरी तसंच होतं, आणि ती जागा तर दिसतही नाही. असा गट मग आपल्या एकट्याच्या ग्रामसंघात ऐटीत पहिला येतो. याची खात्री करायला बाजूच्या G रकान्यात हे लिहून खाली ओढा:

```
=COUNTIFS($B$2:$B$8,B2)
```

वरच्या वाडीच्या प्रत्येक ओळीत ४ आणि खालच्या वाडीच्या ओळीत ३ यायला हवेत. कुठे १ दिसला तर त्या ओळीतलं नाव पुसून, शेजारच्या बरोबर नावाची कॉपी तिथे पेस्ट करा. पुन्हा टाइप करू नका, पुन्हा तीच चूक होते.

आकड्यांचंही एक बघा. मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडे कधीकधी शीटला आकडे न वाटता अक्षरं वाटतात. खान्यात डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की शंका घ्या, कारण खरा आकडा आपोआप उजवीकडे बसतो. रकमा इंग्रजी आकड्यांतच भरलेल्या बऱ्या.

जागृती आणि रमाई दोघींचे ८८ टक्के आहेत, म्हणून दोघींना २ आला आणि माऊलीला थेट ४. बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, "तीन नंबर कुठे गेला?" माऊलीच्या पुढे खरंच तीन गट आहेत, म्हणून ती चौथी. मला विचाराल तर बरोबरी तशीच ठेवावी. पण ग्रामसंघाला एकच दुसरा क्रमांक हवा असेल, तर बरोबरी कशावर मोडायची ते बैठकीत आधी ठरवा, यादी बघितल्यावर नको. जास्त रकमेवर मोडली तर लहान गट नेहमी मागे राहतो, म्हणून मला बैठकीतली हजेरी जास्त रास्त वाटते. समजा G मधली तपासणी पुसून तिथे हजेरीचे टक्के भरले, तर सूत्राच्या दुसऱ्या भागात बरोबरीचे पण जास्त हजेरीचे गट मोजायचे:

```
=COUNTIFS($B$2:$B$8,B2,$E$2:$E$8,">"&E2)
+COUNTIFS($B$2:$B$8,B2,$E$2:$E$8,E2,$G$2:$G$8,">"&G2)+1
```

इथे ओळ छापण्यासाठी तोडली आहे, तुम्ही सलग लिहा. हप्ता देय नसलेला गट असेल तर आधीसारखं `IF` यालाही लावा. हजेरीचे टक्केही भागाकाराने काढत असाल तर त्यांनाही `ROUND` लावा.

नवा गट आला आणि तो नवव्या ओळीत लिहिला, तर ८ पर्यंतचं सूत्र त्याला मोजणार नाही. त्याला क्रमांक मिळेल, पण त्याच्यामुळे बाकीचे गट खाली सरकणार नाहीत. म्हणून सुरुवातीलाच 8 च्या जागी 200 लिहून ठेवा. रिकाम्या ओळींत ग्रामसंघाचं नाव नसतं, त्यामुळे त्या मोजल्या जात नाहीत.

एकाच वाडीचे गट बघायचे असतील तर सॉर्ट न करता फिल्टर लावा. फिल्टर ओळी फक्त लपवतो, जागा बदलत नाही.

आणि शेवटचं, इतिवृत्तासाठी. हे सूत्र जिवंत असतं. बैठकीनंतर दोन दिवसांनी कुणाचा उशिराचा हप्ता D मध्ये भरलात की क्रमांक त्याच क्षणी बदलतो. त्यामुळे बैठकीत वाचलेली यादी आणि नंतर उघडलेली शीट जुळत नाही आणि वाद होतो. वाचण्याआधी F रकाना कॉपी करून शेजारच्या H मध्ये फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, वर बैठकीची तारीख लिहा, आणि इतिवृत्तात H मधलेच क्रमांक उतरवा.