ठिपके दिसतात, तरी बँक म्हणते ‘पासवर्ड टाका’

ताईंनो, मागच्या बैठकीआधी उत्तनच्या एका गटाच्या सचिवताई बँकेचा उतारा काढायला बसल्या. पासवर्ड फोनमध्येच साठवलेला, म्हणजे पासवर्ड मॅनेजरमध्ये. रकाना आपोआप भरला, काळे ठिपके दिसले. पण बटण दाबलं की उत्तर एकच : ‘कृपया पासवर्ड टाका.’

असं का होतं? बँकेचं पान आपल्या बोटांकडे लक्ष ठेवून असतं. अक्षर टाइप झालं की ते नोंद घेतं. मॅनेजर सगळा पासवर्ड एकदम ठेवतो. काही पानांना ते कळतच नाही. आपल्याला रकाना भरलेला दिसतो, पानाच्या लेखी तो रिकामाच. उपाय सोपा आहे. रकान्यात शेवटी बोट ठेवा, एक अक्षर टाका आणि तेच पुसा. पानाला जाग येते. ताईंचं काम एवढ्यानंच झालं.

पण ‘पासवर्ड चुकीचा’ असं आलं, तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. काही चुकांनंतर खातं बंद पडतं. आधी डोळ्याचं चिन्ह दाबून बघा. आपल्या पासवर्डऐवजी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ दिसली, तर समजा की पाठवण्याआधी पानानं पासवर्डचं रूप बदललं होतं आणि मॅनेजरनं तेच बदललेलं रूप साठवलं. मॅनेजरच्या यादीत जाऊन खरा पासवर्ड हातानं लिहा. नंतर ‘अपडेट करू का?’ विचारलं, तर नाही म्हणा.

काही पानं तर मुद्दाम अडवतात. पासवर्ड चिकटवू देत नाहीत किंवा पडद्यावरच्या कळा दाबायला लावतात. त्यांची भीती अशी, की सेवा केंद्रातल्या सामाईक संगणकावर पासवर्ड साठला तर पुढचा माणूस खातं उघडेल, किंवा कळा टिपणारा चोर प्रोग्राम तिथे बसलेला असेल. सामाईक संगणकापुरती ही भीती खरी आहे, तिथे पासवर्ड साठवूच नये. पण आपल्या स्वतःच्या फोनवर अडवलं की बाया सोपा पासवर्ड ठेवतात आणि पासबुकाच्या मागे लिहितात. म्हणून ब्रिटनच्या सरकारी सायबर सुरक्षा केंद्रानं 2017 मध्येच संस्थांना सांगितलं, की पासवर्ड चिकटवू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅनेजर पासवर्ड सुचवतच नसेल, तर थांबा. तो पानाचं रूप बघत नाही, वरचा पत्ता बघतो. मेसेजमधल्या लिंकवरून आलेलं पान हुबेहूब बँकेसारखं असलं तरी पत्त्यात एक अक्षर वेगळं असेल, तर तो गप्प बसतो. अशा वेळी हातानं पासवर्ड टाकू नका. पान बंद करा आणि बँकेचा पत्ता स्वतः लिहून उघडा. तिथे मॅनेजरनं पासवर्ड सुचवला, तर आधीचं पान खोटं असण्याची शक्यता मोठी. ती लिंक गटात पुढे पाठवू नका, सगळ्यांना सावध करा.