पाकिटावरची बारीक अक्षरे फोटोतून ताडताना

खाण्याच्या दोन पाकिटांची लेबले फोटोवरून ताडायची असतील, तर प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. फोटोत कोणतेही अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, त्यामुळे दुकानात डोळे बारीक करूनही न वाचता आलेली ओळ मोबाइलवर स्वच्छ दिसते आणि लेबल चांगले असल्याचा समज होतो. त्यातच मोबाइलचा कॅमेरा अक्षरांच्या कडा आपणहून धारदार करतो. सोनेरी पन्नीवरची तपकिरी अक्षरे हातातल्या पाकिटावर फिकट असतात, फोटोत मात्र उठून दिसतात.

वडोदऱ्यात पुण्याची भाकरवडी आणि गावातलीच भाकरवडी एकाच दुकानात शेजारी मिळते, त्यामुळे इथल्या मराठी घरांत ही तुलना नेहमी निघते. पदार्थाचे नाव गुजरातीत ठळक छापलेले असले, तरी पोषणाचा तक्ता बहुधा इंग्रजीतच असतो. नियमाप्रमाणे लेबल इंग्रजी किंवा देवनागरी हिंदीत असले की पुरते. इतर भाषा जादा म्हणून घालता येते. गुजराती आणि देवनागरी सहज वाचणाऱ्या आजीला तो तक्ता मोठ्या अक्षरांत छापला तरी परकाच.

फोटो काढताना पाकिटातली हवा एका बाजूला सारून तक्त्याचा भाग सपाट करावा. फुगीर पाकिटाच्या कडेची अक्षरे दबतात. पट्टी तक्त्याला लागून, त्याच पातळीवर ठेवावी. ती खाली टेबलावर राहिली तर माप चुकते. फ्लॅश बंद ठेवून खिडकीतल्या आडव्या उजेडात, वरून सरळ फोटो घ्यावा. मोबाइल पाकिटाला चिकटवण्यापेक्षा वीतभर वर धरून दुप्पट झूम केलेले बरे, कारण फार जवळून घेतलेल्या फोटोत कडा वाकतात. पाठवायचा असेल तर फाइल म्हणून पाठवावा. साध्या मेसेजमधून जाताना तो दाबला जातो आणि ३ चा ८ होतो.

मग पट्टीचा उपयोग. पडद्यावर फोटो इतकाच मोठा करावा, की त्यातला १ सेंटीमीटर खऱ्या पट्टीच्या १ सेंटीमीटरशी जुळेल. आता तक्ता पाकिटावर आहे त्याच मापाचा दिसतो. दोन्ही फोटो असे करून हातभर अंतरावरून वाचावेत. अक्षराची उंची हवी असेल तर फोटो पाचपट करावा: मोठ्या केलेल्या फोटोत इंग्रजी लहान x सहा मिलिमीटर भरला, तर तो छापील १.२ मिलिमीटर. युरोपीय संघाच्या नियमात साधारण पाकिटासाठी हीच किमान उंची आहे, आणि फार लहान पाकिटांना ०.९ चालते. रंगांचा फरक मात्र फोटोवर सोडू नये, त्यासाठी पाकीटच हातात घ्यावे.

आकडे वाचताना घोळ होतो तो बहुतेक वेळा रकान्याच्या मथळ्यावरून. उदाहरणादाखल, एका पाकिटाच्या फोटोत सोडियम २४० मिलिग्रॅम दिसते आणि दुसऱ्याच्या ७२०. पहिले तिपटीने बरे वाटते. पण फोटोत कापला गेलेला मथळा सांगतो, की २४० हा आकडा ३० ग्रॅमच्या एका वाढीचा आहे आणि ७२० हा १०० ग्रॅमचा. १०० ग्रॅमला पहिल्याचे सोडियम ८०० भरते, म्हणजे जास्त खारट तेच. म्हणून मथळा, वाढीचे वजन आणि पाकिटाचे निव्वळ वजन ही तिन्ही एकाच फोटोत यावीत.

आकडा बरोबर वाचला का, हे तक्ता स्वतःच सांगतो. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या ग्रॅमना ४ ने, स्निग्धांशाला ९ ने गुणून बेरीज केली की ऊर्जेच्या किलोकॅलरी जवळपास जुळतात. प्रथिने ९, कर्बोदके ५०, स्निग्धांश ३० असतील तर ३६, २०० आणि २७० मिळून ५०६. फोटोत स्निग्धांश ८० वाचला गेला, तर बेरीज ९५६ वर जाते आणि चूक लगेच कळते. संपृक्त स्निग्धांश एकूण स्निग्धांशापेक्षा, किंवा वरून घातलेली साखर एकूण साखरेपेक्षा जास्त दिसली, तर दशांशचिन्ह हरवले आहे.

सोडियमला असा ताळा नसतो, कारण ते ऊर्जेत धरले जात नाही. त्याची एकच पडताळणी उरते: वाढीमागे दिलेली दिवसाच्या गरजेची टक्केवारी. भारतीय लेबलांवर ती २००० मिलिग्रॅम धरून काढतात, म्हणून २४० च्या समोर १२ टक्के हवेत. काही परदेशी पाकिटांवर सोडियमऐवजी मीठ ग्रॅममध्ये लिहिलेले असते, त्याला २.५ ने भागून सोडियम मिळते.

गोळ्या किंवा मसाल्याच्या चिमुकल्या पुडीवर तक्ताच सापडत नाही. १०० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या पाकिटांना त्यातून सूट आहे. तो मजकूर त्या पुड्या ज्या मोठ्या खोक्यातून येतात त्यावर असतो, तेव्हा फोटो दुकानदाराकडच्या खोक्याचा घ्यावा.