परचेस ऑफिसरचा रेझ्युमे: किती मोजायचे, कशाचे मोजायचे

परचेसमधला माणूस आधी रेट विचारतो, म्हणून रेटपासूनच सुरुवात करू. डीटीपीच्या दुकानात रेझ्युमे टाइप करून, जरा सजवून घ्यायला काहीशे रुपये पुरतात. ऑनलाइन सेवांचे दर अनुभवाच्या वर्षांवर ठरतात. पाच-दहा वर्षांच्या अनुभवाला साधारण दीड ते पाच हजारांची पॅकेजेस दिसतात, आणि कव्हर लेटरचे पैसे बहुधा वेगळे. वर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ३,००० चे ३,५४० होतात. घरून काम करणाऱ्या लेखकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली, तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथे हा कर वाचतो.

पण या पैशांत आकडे मिळत नाहीत. लेखक फार तर तुमच्याकडून ते काढून घेईल. म्हणून पैसे देण्याआधी एकच विचारावं: माझ्याशी फोनवर बोलणार, की फॉर्म भरून घेणार? फॉर्मवाल्याकडून ‘व्हेंडर निगोशिएशनचा दांडगा अनुभव’ असलं काहीतरी येतं आणि ते प्रत्येकाच्याच रेझ्युमेत असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो सेव्हिंगच्या आकड्यात. समजा, पुठ्ठ्याचे खोके वर्षाला १,२०,००० लागतात. मागच्या पीओचा रेट ४२ रुपये. व्हेंडरने कागद महागल्याचं सांगून ४६ चं कोटेशन दिलं. तुम्ही दुसऱ्याचं कोटेशन आणलं, वर्षाची क्वांटिटी बांधून दिली आणि ४०.५० ला सौदा केला. बरेच जण इथे ४६ मधून ४०.५० वजा करून ६.६० लाखांची बचत लिहून मोकळे होतात. कंपनीने ४६ कधी दिलेच नव्हते, मग ते वाचले कसे? खरी बचत मागच्या रेटवर मोजायची: दीड रुपया गुणिले १,२०,०००, म्हणजे १.८० लाख. उरलेले ४.८० लाख ही टाळलेली दरवाढ. तीही लिहावी, पण वेगळ्या ओळीत आणि त्याच नावाने.

अजून हिशेब संपला नाही. या रेटसाठी व्हेंडरने पेमेंट ४५ ऐवजी ३० दिवसांत मागितलं असेल, तर ४८.६० लाखांच्या खरेदीवर पंधरा दिवसांची उधारी गेली. दहा टक्के व्याजाने ते सुमारे वीस हजार होतात. निव्वळ बचत १.६० लाख, म्हणजे जुन्या ५०.४० लाखांच्या खर्चावर ३.२ टक्के. आकडा लहान दिसतो खरा, पण मुलाखतीला फायनान्सचा माणूस बसला असेल तर हाच टिकतो. रेझ्युमेत व्हेंडरचं नाव आणि प्रत्यक्ष रेट घालू नका, ती कंपनीची गोपनीय माहिती. खरेदीचा प्रकार, वार्षिक खर्च आणि टक्के एवढं पुरे.

पीओची संख्या एकटी लिहिली तर उलटीही पडते. ‘वर्षाला २,४०० पीओ’ वाचून अनुभवी मॅनेजरच्या मनात येतं की हा दिवसाला आठ-दहा किरकोळ ऑर्डरी काढत बसला असणार. संख्येसोबत एकूण रक्कम, किती व्हेंडर आणि त्यातली किती खरेदी रेट कॉन्ट्रॅक्टवर, हे हवं. सॅपमध्ये `ME2N` रिपोर्टमधून पीओची यादी निघते. मात्र त्यात एका पीओच्या दहा आयटमच्या दहा ओळी दिसू शकतात, आणि ओळी मोजून त्यालाच पीओ म्हणणारेही पाहिलेत.

नियमपालनाबद्दल ‘शंभर टक्के’ लिहू नका. ऑडिटवाला त्यावर हसतो. त्याला बघायचं असतं ते वेगळंच: बिलाची तारीख पीओच्या आधीची किती ठिकाणी आहे, मंजुरीची मर्यादा चुकवायला एकच खरेदी दोन पीओत तोडली का, एकाच व्हेंडरकडून घेतलं तिथे कारण लिहून मंजुरी घेतली का. पहिली गोष्ट मोजता येते, म्हणून तीच लिहा: बिलानंतर काढलेले पीओ अमुक टक्क्यांवरून तमुक टक्क्यांवर आले.

अलीकडे आणखी एक ओळ कामाची ठरते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत चुकली की तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो. उत्पादक व्हेंडरांची उद्यम नोंदणी तपासून पेमेंट टर्म्स तुम्ही दुरुस्त केल्या असतील, तर किती व्हेंडरांच्या केल्या ते जरूर लिहा.

हे सगळं जमवायला एखादा रविवार जातो, आणि तो नोकरी सोडण्याआधीच काढावा लागतो, कारण लॉगिन बंद झालं की आकडे संपले. कंपनीच्या फायली घरी नेऊ नका, बेरजा तेवढ्या टिपून ठेवा. आकडे हातात असतील तर तीन हजारांच्या पॅकेजची गरज बहुतेकांना पडत नाही. दोन पानं स्वतः लिहून एखाद्या जाणकाराकडून भाषा तपासून घेतली तरी भागतं. पॅकेज घेतलंच, तर वर्ड फाइल मिळणार आणि किमान दोन दुरुस्त्या फुकट होणार, हे आधी लेखी घ्या. निम्मे पैसे पहिल्या मसुद्यानंतर.