प्रमाण परिव्यय : एका बुशची किंमत कशी ठरते?

बंगळुरूच्या वायव्येस पसरलेली पीण्या औद्योगिक वसाहत सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यांसाठी ओळखली जाते. हिंदुस्थान एअरोनॉटिक्स (१९४०), एचएमटी (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या संस्थांमुळे या शहरात यंत्रकामाचे कौशल्य रुजले आणि त्याच्या आधाराने असंख्य लघुउद्योजक उभे राहिले. त्यांपैकी बहुतेकांचे स्वतःचे उत्पादन नसते. ग्राहक आराखडा पाठवतो, उद्योजक नगाचा दर कळवतो आणि तो दर पुढे वर्षभर बदलता येत नाही. दर कळवण्याच्या दिवशी एकही नग तयार झालेला नसतो, म्हणजेच प्रत्यक्ष खर्च ठाऊक नसतो. अशा वेळी हाताशी असावा लागतो तो प्रमाण परिव्यय, अर्थात स्टँडर्ड कॉस्ट.

प्रमाण परिव्यय म्हणजे गेल्या वर्षीची सरासरी नव्हे आणि अंदाजही नव्हे. ठरावीक पद्धतीने व नेहमीच्या कार्यक्षमतेने काम केल्यास एका चांगल्या नगाला किती खर्च यावा, याचे ते पूर्वनिश्चित माप होय. साहित्य, श्रम आणि उपरिव्यय (व्यवहारातील ओव्हरहेड) हे त्याचे तीन घटक. प्रत्येक घटकात दोन आकडे असतात : परिमाण आणि दर. उद्योजक दराबाबत सहसा जागरूक असतो. पोलादाचा भाव त्याला तोंडपाठ असतो. चूक होते ती परिमाणात. हे एका नगाच्या उदाहरणाने पाहू. पुढील भाव व रकमा केवळ उदाहरणादाखल घेतल्या आहेत.

साहित्य : नगाचे वजन नव्हे, लागणारे वजन

ईएन-८ पोलादाचा एक बुश बनवायचा आहे. त्याची लांबी ६० मिमी, बाहेरील व्यास ३८ मिमी आणि आतील छिद्र २० मिमी. तयार नगाचे वजन ०.३८६ किलो भरते. तो ४० मिमी व्यासाच्या गोल बारमधून कापावयाचा आहे.

बारचे वजन काढण्याचे सूत्र कारखान्यात सर्वांना माहीत असते : मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की दर मीटरचे वजन किलोत मिळते. ४० मिमीच्या बारसाठी ते ९.८८ किलो येते. येथे ६० मिमी लांबीचे वजन ०.५९३ किलो असा हिशेब करून मोकळे होण्याचा मोह होतो. परंतु दोन्ही तोंडे सपाट करण्यासाठी २ मिमी जादा लांबी ठेवावी लागते आणि करवतीच्या पात्यात ३ मिमी जातात. म्हणजे एका नगाला ६५ मिमी बार लागतो. शिवाय ३ मीटरच्या बारचा शेवटचा ७५ मिमीचा तुकडा शिकंज्यात धरलेला राहतो, तो कापता येत नाही. उरलेल्या २,९२५ मिमीमध्ये ४५ नग बसतात. पूर्ण बारचे वजन २९.६४ किलो, म्हणून एका नगामागे ०.६५९ किलो.

एवढ्यानेही भागत नाही. शंभरातील दोन नग तपासणीत नापास होणे या कामात नेहमीचे आहे असे धरू. त्या दोघांचा भार उरलेल्या ९८ नगांनी उचलायचा असतो. ०.६५९ ला ०.९८ ने भागल्यास चांगल्या नगामागे ०.६७२ किलो हे प्रमाण मिळते. नेहमीपेक्षा अधिक होणारी नासाडी मात्र प्रमाणात धरू नये, कारण धरली की ती कायमची मान्य झाल्यासारखी होते.

दर धरताना पोलाद कारखान्याच्या दारात येईपर्यंतचा खर्च घ्यावा. वाहतूक त्यात येते. ज्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळते तो कर त्यात येत नाही. ७० रुपये दराने साहित्य ४७.०४ रुपयांचे झाले. भंगारातून नगामागे पाव किलो परत मिळून २० रुपये दराने ५ रुपये वजा होतील. निव्वळ साहित्य ४२.०४ रुपये.

श्रम : यंत्राची मिनिटे आणि माणसाची मिनिटे

बुशला सीएनसी लेथवर दोन टप्प्यांत काम लागते. नग चढवणे, यंत्रकाम आणि उतरवणे मिळून दोन्ही टप्प्यांना १५० सेकंद लागतात, असे घड्याळ लावून आढळले. हे मोजमाप सर्वांत चपळ कामगारावर किंवा पहिल्या पाच नगांवर करू नये. सराईत कामगाराच्या अनेक फेऱ्या पाहून ते निश्चित करावे.

इन्सर्ट बदलणे, मापे तपासणे आणि विश्रांती यांसाठी १२ टक्के सूट दिल्यास वेळ १६८ सेकंद, म्हणजे २.८ मिनिटे होतो. यंत्राच्या सेटिंगला ५०० नगांच्या प्रत्येक खेपेमागे एक तास जातो, त्याचे नगामागे ०.१२ मिनिट. नापास नगांचा भार मिळवला की चांगल्या नगाला जवळजवळ ३ मिनिटे, अर्थात ताशी २० नग. येथे खेपेचा आकार महत्त्वाचा आहे. ग्राहकाने ५०० ऐवजी १०० नग मागितले तर सेटिंगचा वेळ पाचपट होतो आणि हाच प्रमाण परिव्यय लागू राहत नाही.

आता तासाचा दर. कामगाराचा पगार महिना २०,००० रुपये असेल, तर २०८ तासांनी भागून ९६ रुपये हा दर अपुरा ठरतो. भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा, बोनस इत्यादी मिळून वर्षाचा खर्च ३,१५,००० रुपयांपर्यंत जातो. रविवार, सुट्या व रजा वगळून तो २८० दिवस, रोज साडेसात तास, म्हणजे २,१०० तास प्रत्यक्ष हाती मिळतो. म्हणून खरा दर ताशी १५० रुपये आणि नगामागे श्रम ७.५० रुपये.

उपरिव्यय : छेदात कोणते तास?

उपरिव्ययाचे दोन भाग करावेत. यंत्र चालले तरच होणारा खर्च, म्हणजे वीज, इन्सर्ट, शीतक द्रव, ताशी १२० रुपये. नगामागे ६ रुपये. यंत्र बंद असले तरी होणारा खर्च, म्हणजे घसारा, भाडे, विमा, देखरेख, या यंत्राच्या वाट्याला वर्षाला ७,५६,००० रुपये. हा स्थिर खर्च किती तासांनी भागायचा, हा या विषयातील सर्वांत निर्णायक प्रश्न आहे.

दोन पाळ्यांत ३०० दिवसांचे ४,८०० तास कागदावर होतात. दुरुस्ती, वीज जाणे व गैरहजेरी वजा करता ४,२०० तास नेहमी साध्य होतात. त्यावर दर १८० रुपये, नगामागे ९ रुपये. परंतु गेल्या वर्षी ऑर्डर कमी असल्याने यंत्र २,८०० तासच चालले. त्या आकड्याने भागल्यास दर २७० रुपये, नगामागे १३.५० होतो. ऑर्डर घटली म्हणून बुश बनवण्याची पद्धत महाग झालेली नाही. रिकाम्या यंत्राचा खर्च नगाच्या किमतीत घातला तर दर वाढतो, आणखी ऑर्डर जातात आणि पुढील वर्षी छेद अजून लहान होतो. म्हणून दर ४,२०० तासांवर बांधावा. २,८०० तासांत वसूल न झालेले २,५२,००० रुपये रिकाम्या क्षमतेचा खर्च म्हणून वेगळे दाखवावेत. ते विक्रीचे दुखणे आहे, उत्पादनाचे नव्हे.

भारतीय लेखामानक २ हेही मालाच्या मूल्यांकनासाठी हेच सांगते. स्थिर उत्पादन खर्चाची वाटणी नेहमीच्या क्षमतेवर करावी आणि उत्पादन कमी झाले म्हणून नगामागील वाटा वाढवू नये.

बेरीज आणि तिचा अर्थ

साहित्य ४२.०४, श्रम ७.५०, बदलता उपरिव्यय ६ आणि स्थिर उपरिव्यय ९ : एकूण ६४.५४ रुपये. कार्यालयीन खर्च व कर्जावरील व्याज यात नाही.

याच नगाचा ढोबळ हिशेब पाहा. ०.५९३ किलो साहित्य भंगार वजा जाता ३७.५१, अडीच मिनिटे ९६ रुपये दराने ४.००, आणि तेवढ्याच वेळाचा उपरिव्यय १२.५० रुपये. बेरीज ५४.०१. उद्योजक ६० रुपये दर कळवतो आणि नगामागे ६ रुपये मिळतील असे समजतो. वास्तविक त्याला ४.५४ रुपयांची तूट येते. दरमहा ५,००० नगांवर ती २२,७०० रुपये होते. यात एकही भाव चुकलेला नाही आणि कोणी आळसही केलेला नाही. चुकले ते करवतीचे पाते, नापास नग, सेटिंग आणि रजेचे दिवस.

याचा अर्थ ६० रुपयांची ऑर्डर कधीच घेऊ नये असाही नाही. बदलता खर्च व श्रम मिळून ५५.५४ रुपये होतात. यंत्र रिकामेच असेल तर उरलेले ४.४६ रुपये स्थिर खर्चाला हातभार लावतात. पण तो निम्माच हातभार आहे. वर्षभराचा मुख्य दर म्हणून तो स्वीकारल्यास घसारा आणि हप्ता भागणार नाही.

प्रमाण ढळले हे कसे ओळखावे?

महिन्याअखेर ५,००० चांगले नग निघाले. त्यांना ३,३६० किलो पोलाद लागायला हवे होते, भांडाराने ३,५०० किलो दिले. १४० किलोचे ९,८०० रुपये कोठे गेले? चौकशीत आढळले, की ४० मिमीचा बार न मिळाल्याने सुमारे दोन पंचमांश नगांसाठी ४२ मिमीचा घेतला. तो किलोमागे एक रुपया स्वस्त मिळाला, म्हणून खरेदीच्या नोंदीत सुमारे १,५०० रुपयांची बचत दिसली. पण ४२ मिमीचा बार मीटरला १०.८९ किलो भरतो आणि जास्तीचे सर्व पोलाद छिलका होऊन भंगारात जाते. त्यातील थोडेच पैसे परत येतात. शिवाय एक काप अधिक लागून वेळही वाढतो. भावातील फरक आणि वापरातील फरक वेगवेगळे मांडले तरच ही गोष्ट दिसते. एकत्र मांडल्यास पोलाद महागले एवढेच कानावर येते.

मात्र फरक दर महिन्याला एकाच दिशेने व जवळजवळ तेवढाच येऊ लागला, तर कामगाराला जाब विचारण्याआधी प्रमाणच तपासावे. बारचा आकार, इन्सर्टची जात वा खेपेची संख्या बदलली असेल तर जुना आकडा निरुपयोगी ठरतो. सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, आणि पोलादाच्या भावात मोठा बदल झाल्यास तत्पूर्वी, प्रमाण नव्याने बांधावे.

बँकेच्या दृष्टीने याचा थेट संबंध मालसाठ्याच्या विवरणपत्राशी येतो. प्रमाण परिव्ययाने मूल्यांकन करण्यास लेखामानकाची हरकत नाही, परंतु तो प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असला पाहिजे. तसेच उत्पादन खर्च आणि विक्रीतून निव्वळ मिळणारी रक्कम यांपैकी कमी असेल तीच धरावी लागते. वरील बुश ६० रुपयांना विकला जात असेल, तर गोदामातील तयार नग ६४.५४ रुपयांनी दाखवता येणार नाही. तसे दाखवल्यास आहरण क्षमता कागदावर वाढते आणि तूट मालाच्या आड लपते. ग्राहकांनी विवरणपत्र भरताना आणि सहकाऱ्यांनी ते तपासताना नगाच्या मूल्यासोबत तीन आकडे मागून पाहावेत : नगामागे लागणारे पोलाद, चांगल्या नगाची मिनिटे आणि छेदातील तास. ते सांगता आले, तर ती किंमत हिशेबाने आलेली आहे असे समजावे.