तक्रारीला उत्तर : चूक मान्य, पण शब्द जपून



तक्रारपत्र तर आपण मुलांकडून दरवर्षी लिहून घेतो. आता त्याच पत्राला संस्थेच्या वतीने उत्तर लिहायला सांगा. मुलं हमखास दोन टोकांना जातात : 'आमची काहीच चूक नाही', नाहीतर 'सगळं आमच्यामुळेच झालं'. आपल्याला यामधली वाट शिकवायची आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गृहउद्योगाकडून 120 पुरणपोळ्या सकाळी 11 ला पोहोचायच्या होत्या, पोहोचल्या 1 वाजता. शिवाय ग्राहकबाई लिहितात, की दोन पाहुण्यांचं पोट बिघडलं. जेवणातले बाकीचे पदार्थ दुसरीकडून आले होते.

लिहिण्याआधी वहीत दोन रकाने आखायला लावा : 'नक्की माहीत' आणि 'अजून कळायचंय'. उशीर पहिल्यात जाईल, कारण नोंदवहीत वेळ आहे. पोटदुखीचं कारण दुसऱ्यात. मग उत्तर असं होतं :

महोदया,
आपले 12 मार्चचे पत्र मिळाले. आपली ऑर्डर ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा पोहोचली, हे आमच्या नोंदवहीतही दिसते. ऐन जेवणाच्या वेळी आपली गैरसोय झाली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
आपल्या पाहुण्यांना त्रास झाल्याचे वाचून वाईट वाटले. त्याचे कारण अद्याप स्पष्ट झालेले नाही. आम्ही चौकशी करत आहोत. डॉक्टरांचे कागद असल्यास प्रत पाठवावी. जे आढळेल ते 22 मार्चपर्यंत लेखी कळवू.
3600 रुपयांच्या बिलापैकी 720 रुपये सदिच्छा म्हणून परत करत आहोत. ते स्वीकारल्याने आपल्या हक्कांना बाधा येत नाही. तसेच आम्ही कायदेशीर जबाबदारी मान्य केली, असाही त्याचा अर्थ नाही.
आपली विश्वासू,
व्यवस्थापक

आता मुलांना विचारा : 'सदिच्छा म्हणून' ऐवजी 'नुकसानभरपाई' लिहिलं तर? 'उशिरा पोहोचली' ऐवजी 'आमच्या हलगर्जीपणामुळे' लिहिलं तर? पहिले शब्द घडलेलं सांगतात, दुसरे निवाडाच देऊन टाकतात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार साधारण दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तिथे हेच पत्र पुरावा म्हणून समोर येऊ शकतं.

पण शेवटचं वाक्य म्हणजे ताईत नव्हे, हेही सांगा. वर 'शिळ्या पुरणामुळे त्रास झाला' असं लिहून खाली जबाबदारी नाकारली, तर ते वाक्य वाचवेलच असं नाही. उलट पहिल्या रकान्यातली गोष्ट 'गैरसोय झाली असल्यास' अशी गुळमुळीत लिहिली, तर ग्राहक आणखी चिडतो. उशीर झालाच होता, तिथे 'असल्यास' कशाला?

तपासताना प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा : हे तुला कशावरून माहीत? ज्याला उत्तर नाही, ते वाक्य दुसऱ्या रकान्यात परत पाठवा.